विरजा व्हायच्या आधी

बायनाबाईनं बांगड्या फोडल्या त्या सोमवारी सकाळी, पाटलाच्या ओट्यावर, पाच पंचांच्या म्होरं. नवरा मेला न्हवता. नवरा तिथून तीन कोसावर गोदेच्या काठाला मठात व्हता, आन् त्या येळेला घागरीनं तुळशीला पानी घालत आसल. ही गोष्ट तिला ठाव व्हती, पंचांला ठाव व्हती, तिच्या पोरीला ठाव व्हती. तरी तिनं दगडावर हात आपटला.

एक बांगडी फुटंना. लाखेची व्हती, पक्की. पोरगी चंद्रभागा रडत रडत म्हनली, "आये, ऱ्हाऊ दे की ती येक."

"कावून ऱ्हाऊ देऊ? येक ऱ्हायली तर तेवडाच नवरा जित्ता ऱ्हातोय का?" बायनाबाई खेकसली, आन् पाटलाच्या उंबऱ्यावर हात हानला. बांगडी बी गेली आन् मनगटाची साल बी गेली.

बबनराव पाटलानं पंचनाम्यावर पंचांचे आंगठे घेतले. पाटील मानूस वाईट न्हवता. त्यानंच तिला वाट दाखीवलती. त्याला जेवडं कळत व्हतं तेवडी वाट त्यानं दाखीवली. घोटाळा तितंच झाला.

झालं आसं व्हतं. नऊ सालामागं बायनाबाईची दोन पोरं चार दिवसात तापानं गेली. ऱ्हायली ती पाच वर्साची चंद्रभागा. नवरा आश्रुबा त्या दिसापासून बोलायचा बंद झाला. महिनाभर शेतात नुस्ता बांधावर बसायचा, मग मठात जाऊन बसायला लागला, मग येक दिवस आलाच न्हाई. भावगीर महंतानं त्याला चेला केला. गावातले चार मानसं बघायला गेलते. पाच गुरू बसलते म्हनं रांगेनं. येकानं शेंडी कापली, येकानं भगवं दिलं, येकानं भस्म लावलं, येकानं गळ्यात रुद्राक्ष घातला, येकानं लंगोट देऊन कानात मंत्र सांगितला. आन् मग नाव दिलं, सोमगीर. भावगीर गिरी पंथाचे व्हते, म्हनून चेल्याच्या नावाला बी गीर लागलं. आश्रुबाची म्हातारी माय तवा जित्ती व्हती. तिनं गर्दीतून हाक मारली, "आश्रुबाऽ, बाळा!" त्यानं मान सुदीक वळीवली न्हाई. म्हातारी घरी आली आन् म्हनली, "मेलं माजं पोरगं." सहा महिन्यात ती बी गेली.

गावानं तेच धरलं. शेंडी गेली, नाव गेलं, मानूस गेला.

सोमगीर वर्साकाठी दोनदा झोळी घिऊन गावात यायचा. दारात उभा ऱ्हाऊन म्हनायचा, "ओम नमो नारायण." बायनाबाईनं पीठ घालायचं आन् "नमो नारायण" म्हनून पाया पडायचं. बाकी बायका पडतात तसंच. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात कदी घेतलं न्हवतं, बाई मानसानं घ्यायचं नसतंय. पन सोमगीर हे नाव ती चारचौघात घ्यायची. "आज सोमगीरबुवा आलते, पायाला लई भेगा पडल्यात त्यांच्या." ते नाव नवऱ्याचं न्हवतंच ना.

शेत व्हतं चार एकर, विहीर आर्धी. भावाभावाच्या वाटन्या बापाच्या येळेलाच झालत्या, त्यामुळं आश्रुबाचं शेत आश्रुबाचंच. दीर आसाराम ते बटईनं करायचा आन् आर्दी ज्वारी घरी आनून टाकायचा. नऊ साल टाकली. औंदा खळं झालं, ज्वारी आली न्हाई. बायनाबाई खळ्यावर गेली.

"भावजी, माजा वाटा?"

"कसला वाटा? पोरं मोठी झाली माजी, वैनी. त्यांला काय माती खाऊ घालू?"

"शेत कुनाचं हाय?"

"ज्याचं हाय त्याला पाठीव की इचारायला." आसाराम हासला. खळ्यावरचे गडी बी हासले. बायनाबाईनं हातातलं सूप तिथंच आदळलं आन् तडक पाटलाकडं गेली.

पाटील म्हनला, "हे बघ बायना, पटवाऱ्याच्या कागदाला पट्टेदार, म्हंजी जमिनीचा धनी, आजून आश्रुबा वलद बंकट हाय. संन्यास घेतला म्हंजी मानूस कायद्याला मेला. मेल्यावानी त्याची विरासत, म्हंजी वारसा, उघडती. पोरगा न्हाई, वाटनी झालेली, म्हंजी जमीन बायकोच्या नावावर व्हतीया, तुज्या हयातीपुरती. दरखास्त दे तहसिलीत."

तिनं दिली. पैल्या तारखेला आसारामानं मुख्तार आनला. कचेरीत बोलनारा, लिहिनारा, डोक्यावर रुमी टोपी आन् पायात वाजनारी जुती. मुख्तार उठला आन् नुस्तं बोट केलं.

"हुजूर, बाई सांगती नवरा फौत, मेला. बाईचं कपाळ बघा. हे कुंकू कुनाच्या नावाचं?"

कचेरी हासली. तहसीलदारसाब हासले न्हाईत. ते म्हातारे, दाढी पांढरी, हैदराबादेकडचे. त्यांनी पेशकाराला, म्हंजी कचेरीच्या कारकुनाला, दखनीत काय तरी सांगितलं. पेशकार म्हनला, "साब म्हनतेत, पुढल्या तारखेला महंताला आन् त्या साधूला बोलीव. आन् तूच जर त्याला मेला मानत नसशील, तर सरकारनं कसं मानावं?"

म्हनून तो सोमवार आला. म्हनून बांगड्या.

कुंकू पुसल्यावर तिला वाटलं व्हतं, आपन रडू. रडू आलं न्हाई. आरशात बघितलं तर कपाळावर जितं कुंकू ऱ्हायचं तितली कातडी गोरी ऱ्हायली व्हती, पावलीयेवडी. चंद्रभागेला ती म्हनली, "जाऊ दे गं. तुज्या लग्नाला शेताचं पीक तरी आसल." पोरगी चौदाची झालती. त्या येळेच्या मानानं उशीरच. शेताबिगर सोयरीक कोन करनार, आन् शेत म्हंजी तो पट्टा, आन् पट्टा म्हंजी तो कागद. बायनाबाईचं सगळं ध्यान त्या कागदावर लागलं व्हतं.

दुसऱ्या तारखेला ती कचेरीच्या निंबाखाली जाऊन बसली. बाजूला पाटील. आसाराम आन् मुख्तार पल्याड, पानाची चंची उघडून. सकाळच्या उन्हात भावगीर महंत काठी टेकत आले, मागं सोमगीर, गुरूचा कमंडलू घिऊन. सोमगीरनं तिच्या कपाळाकडं बघितलं. येकदा बघितलं, मग खाली बघितलं.

हाक आली. पैले बायनाबाईचा इजहार, म्हंजी शपथेवरचा जबाब.

"नाव?"

"बायना."

"नवऱ्याचं नाव?"

पेशकारानं कलम उचलून धरलं. "बाई, नवऱ्याचं नाव बोल. लिहायचं हाय."

"तुमच्या त्या कागदावर हाय की."

"तोंडानं बोलावं लागतं."

"माज्या तोंडात नसतंय ते."

पाटलानं मागून सांगितलं, "आश्रुबा वलद बंकट." पेशकारानं लिहिलं. मग तो म्हनला, "आन् जित्ता का फौत?"

बायनाबाईनं सोमगीरकडं न बघता सांगितलं, "फौत."

मग सोमगीर उभा ऱ्हायला.

"नाव?"

"सोमगीर."

"बापाचं?"

"भावगीरांचा चेला."

"बाप विचारला, बुवा."

"साधूला बाप नसतो. गुरू असतो."

पेशकार सवयीचा मानूस व्हता. त्यानं बापाच्या नावाआधीचं 'वलद' खोडलं न्हाई, लिहिलंच न्हाई. सरळ लिहिलं, सोमगीर चेला भावगीर. बायनाबाईनं पाटलाकडं बघितलं. पाटलानं मान हालवली, जमतंय म्हनून.

मग मुख्तार उठला. आवाज लई मऊ.

"सोमगीरबुवा, तुमी धरमाचे मानूस, खोटं बोलनार न्हाई. शेंडी कापली?"

"कापली."

"नाव मिळालं?"

"मिळालं."

"विरजा होम केला?"

बायनाबाईला तो शब्द आयुष्यात पैल्यांदा ऐकायला आला.

"न्हाई," सोमगीर म्हनला.

"स्वताच्या हातानं स्वताचे पिंड पाडले?"

"न्हाई."

"कावून?"

"ते सिंहस्थात व्हतं, त्र्यंबकला, आखाड्यात. मी आलो तवा सिंहस्थ होऊन गेलता. हरिद्वार, प्रयाग लांब पडलं. मठाला तेवडी ताकद न्हाई. आता पुढल्या साली त्र्यंबकचा हाय, तवा करायचा."

तहसीलदारसाबांनी महंताला पुढं बोलीवलं. भावगीर म्हातारे, दात गेलेले, पन बोलनं साफ. "हुजूर, आमच्यात दोन पायऱ्या हायत. पैल्या पायरीला पाच गुरू करतेत, चेला व्हतो, नाव मिळतं. तवापासून त्याला जुन्या नावानं हाक मारायची न्हाई, त्यानं ओ द्यायची न्हाई. पन तो आजून मेलेला न्हाई. दुसरी पायरी विरजा होम. त्यात तो रातभर उपाशी ऱ्हातो, सगळ्या पितरांचे पिंड पाडतो, आन् शेवटचा पिंड आपल्या स्वताचा. तवा त्याचं जुनं नाव मरतं. त्याच्या आधी न्हाई."

"आन् विरजेच्या आधी त्याला घरी जायचं आसल तर?"

"जाता येतं. पंचांम्होरं भगवं उतरून ठिवलं की झालं. वाट मोकळी असती. अशे दोघं-तिघं माज्याच मठातून परत गेले."

नऊ साल. वर्सातून दोनदा तो दारात उभा ऱ्हायचा आन् तिनं पाया पडायचं. आन् त्या नऊ सालात कवाबी भगवं उतरून ठिवता आलं आसतं. कुनी बोललं न्हाई. महंतानं न्हाई, पाटलानं न्हाई, म्हातारी तर "मेलं माजं पोरगं" म्हनत मेली. ह्यो येकटाच सगळं ठाव आसून झोळी म्होरं करत व्हता.

हुकूम चार वळीचा व्हता. पेशकारानं वाचून सांगितला. आश्रुबा वलद बंकट हयात हाय. विरासत उघडत न्हाई. दरखास्त खारीज. तहसीलदारसाबांनी कागदावरून मान वर केली आन् तिच्या मनगटाची ती जखम बघितली आसावी, कारन ते सावकाश म्हनले, आन् पेशकारानं मऱ्हाटीत केलं, "पट्टेदार जित्ता हाय. त्यानं आपल्या मर्जीनं राजीनामा, म्हंजी जमीन सोडल्याचा कागद, दिला, तर तो ज्याच्या नावाचा देईल त्याच्या नावावर पट्टा व्हतो. साब म्हनतेत, त्याच्याशी बोल."

भाईर निंबाखाली बायनाबाई सोमगीरच्या म्होरं जाऊन उभी ऱ्हायली. पाया पडली न्हाई.

"ऐकलं ना? माज्या नावानं लिहून द्या. आज, हितंच. पोरीचं व्हईल. मी परत तोंड दाखवनार न्हाई."

सोमगीर महंताकडं बघायला लागला. महंत म्हनले, "माज्याकडं काय बघतो? पुढल्या साली आखाड्यात इचारतेत. कुनाच्या नावानं काय ठिवलं, घरी काय बांधून आला. बायकोच्या नावानं कागद निघाला तर म्हनतेत, ह्याचा संसार चालूच हाय. विरजेला बसू देतीलच आसं मी सांगत न्हाई. पन हात तुजा हाय, सोमगीर."

आसाराम पान थुकून आला. त्याच्याकडं लिहिलेला राजीनामा तयारच व्हता. "दादा," तो म्हनला. नऊ सालात त्यानं पैल्यांदा दादा म्हनलं. "दादा, बाच्या घरचं बाच्या घरात ऱ्हाऊ दे. पोरगी उद्या परक्याच्या घरी जाईल, जमीन बी तिच्या मागं जाईल. तुज्या पितरांला पानी कोन देनार, जावई? वैनीला मी सांभाळतो. गळ्याशपत."

"नऊ साल सांभाळलं की," बायनाबाई वरडली. "औंदाचं खळं इचारा त्याला! दाना आला का घरात, इचारा!"

"बायना, जरा दमानं," पाटील म्हनला.

"तुमी गप बसा, पाटील! तुमीच मला बोडकी केली!"

पाटलानं पागोट्याचा शेव हातात घेतला आन् खाली बघितलं.

सोमगीर सावकाश बोलला, समजुतीनं, जसं दारात उभा ऱ्हाऊन पोराबाळांला सांगायचा तसं. "बाई, तुज्या नावानं लिहिलं तर ते माज्या मनानं लिहिल्यासारखं व्हतं. मन आडकतं. भावाला दिलं तर नुस्तं टाकून दिलं. मला टाकायचं हाय. राग धरू नको."

बाई म्हनला. बायना बी न्हाई.

आन् तो कचेरीत परत गेला. बायनाबाई दाराशी जाऊन उभी ऱ्हायली. पेशकारानं कागद पुढं केला आन् म्हनला, "सोमगीरच्या सहीनं चालनार न्हाई, बुवा. पट्टेदार सोमगीर न्हाई. जुनं नाव सांगा आन् त्याच नावानं आंगठा द्या."

सोमगीरनं डोळे मिटले. ओठ हालले, कदाचित गुरूचा मंत्र आसल. मग तो मोठ्यानं म्हनला, "मी आश्रुबा वलद बंकट. पट्टा आपल्या मर्जीनं भाऊ आसाराम वलद बंकट ह्याच्या नावानं सोडतो." आन् आंगठा ठिवला.

नऊ साल ज्या नावाला मायच्या हाकेला बी ओ दिली न्हाई, ते नाव त्यानं तिथं आपल्या तोंडानं घेतलं. तिच्यासाठी न्हाई, पोरीसाठी न्हाई.

बायनाबाईला काय झालं ते तिलाच कळलं न्हाई. "आश्रुबा!" ती वरडली. शिपाई दचकला. बायकोनं नवऱ्याचं नाव आसं, कचेरीच्या दारात! "आरं आश्रुबा! माज्याकडं बघ बे! जित्ता हायस ना तू? सरकारनं लिहिलंय जित्ता हाय! मग माजं कुंकू कुनी पुसलं, आरं?"

तो तिच्या बाजूनं गेला. आंगठ्याची शाई भगव्याला पुसत गेला. महंतानं कमंडलू त्याच्या हातात दिला, "चल, सोमगीर," म्हनले, आन् तो "हो महाराज" म्हनून चालायला लागला.

पुढल्या आठवड्यात बायनाबाई गेवराईच्या बाजाराला गेली आन् कासाराच्या म्होरं हात धरला. "भर."

कासार जुना, वळखीचा. त्यानं हात धरला न्हाई. "बायनाबाई, तुमी पंचांम्होरं फोडल्यात म्हनं. आता कुनाच्या नावानं भरू?"

"जित्ता हाय त्यो. हुकूम हाय सरकारचा."

"आसल. पन फोडलेलं परत भरायचं म्हंजी दुसरा केला म्हनतील गावात. मला बी गावात धंदा करायचाय, माय." बाजूला बसलेल्या बायकांनी पोरींला जवळ वढलं. ती उठली. पेठेत तिनं कुंकवाची पुडी घेतली, आन् येशीपाशी आल्यावर, लावायला हात उचलला तर हात कपाळापर्यंत गेलाच न्हाई. पुडी तिनं पदराला बांधून ठिवली.

आसारामानं शब्द पाळला म्हनायचा. खुरपनीला बायनाबाईला बोलीवलं, बाकी बायकांवानी. त्याच चार एकरात. आपल्याच विहिरीचं पानी ती मजुराच्या घागरीतून पीत व्हती. चंद्रभागेला मागनी आली येका बिजवराची, पन्नाशीतला, खोकनारा. पोरगी "न्हाई" म्हनली न्हाई. तेच लई लागलं बायनाबाईला.

पुढल्या साली सिंहस्थ झाला. दिवाळीच्या आधी मठातला येक चेला निरोप घिऊन आला. त्याच्या हातात परसादाचा पुडा. तो दारात उभा ऱ्हायला.

"माय, सोमगीरबुवांचा विरजा होम झाला. स्वताचे पिंड त्यांनी स्वता पाडले. महंतांनी सांगितलं, घरच्यांला कळवून ये. आता आश्रुबा मेला. घरच्यांनी आंघोळ करायची असती."

"आत्ता मेला?"

"व्हय, माय. पौर्णिमेला, पहाटे."

बायनाबाई उठली. आंघोळ केली न्हाई. तशीच पटवाऱ्याच्या घरी गेली. पटवारी जेवत व्हता, तिला उंबऱ्याशी बघून त्याची बायको आत गेली.

"पटवारीदादा, आता नवरा मेला. खरा मेला. महंताचा निरोप हाय. पाच पंच न्हाई, पन्नास आनते साक्षीला. विरासत लिहा."

पटवाऱ्यानं हात धुतले. दप्तर उघडलं, कारन ती हालनार न्हाई हे त्याला दिसलं. बोट फिरवत फिरवत त्यानं गावचं सगळं पान तिच्याम्होरं काढलं.

"बायनाबाई, विरासत लिहायला मेलेल्याच्या नावावर काय तरी असावं लागतं. आश्रुबा वलद बंकट ह्या नावावर गावात इतभर सुदीक न्हाई. मेल्याची नोंद करू म्हनलं तर कशापुढं करू?"

"मग त्यो मेला हे कुठंच लिहायचं न्हाई?"

"लिहायला जागा न्हाई, माय."

तिनं पदर सावरला आन् ती शेताकडं गेली, खुरपनीची पात आर्दी ऱ्हायली व्हती. आसारामाची बायको बांधावरून वरडली, "जाऊबाई, कुठं गेलत्या? आर्धा रोज कापावा लागंल."

"कापा," बायनाबाई म्हनली, आन् खाली बसून खुरपं घेतलं.